हवेची घनता आणि पक्याचा ढिश्शूम

नानाचं पालुपद ठरलेलं आहे. "विज्ञानकथा मला सांगू नका. दोन साम्राज्यं, हजार यानं, आणि शेवटी राजपुत्र काढतो ती तलवारच."

पक्या उखडला. यानांची लढाई नाही ती विज्ञानकथाच नाही, असं त्याचं मत. दोन ताऱ्यांमधला स्फोट त्याने तोंडाने करून दाखवला, कट्ट्यावर थुंकीचा सडा पडला.

"निर्वातात हा आवाज गेला कुठून?" मंदाने विचारलं.

"भावनेतून!"

मंदा रसायनशास्त्र शिकवते. ती नानाकडे वळली. "तू 'द मार्शियन' वाच. माणूस मंगळावर एकटा अडकलाय, खलनायक कुणी नाही. बटाटे लावायचेत आणि पाणी नाही."

"शेतकी कथा," पक्या कुजबुजला.

मंदाने पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. यानात उरलेलं हायड्रॅझिन हे इंधन इरिडियम धातूवर थेंबथेंब सोडायचं. त्याचा नायट्रोजन आणि हायड्रोजन होतो. हायड्रोजन जाळला की पाणी. "विघटन पुरतं झालं तर ३२ ग्रॅम हायड्रॅझिनमधून ४ ग्रॅम हायड्रोजन. तो जाळायला ३२ ग्रॅम ऑक्सिजन. पाणी ३६ ग्रॅम. ऑक्सिजन तिथल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून काढायचा. हा हिशोब आपण घरी बसून तपासू शकतो, आणि कथेतला स्फोटही याच हिशोबातून येतो. न जळलेला हायड्रोजन खोलीत साठतो. तो बेताबेताने जाळताना आपल्या उच्छ्वासातही ऑक्सिजन असतो, हे हा गडी विसरतो."

नाना पाकीट हातात घेऊन बघत बसला. मला वाटतं, तिथेच तो फुटला.

पण पक्याने हुकमाचं पान टाकलं. "मग सुरुवातीचं वादळ? ताशी १७५ किलोमीटरचा वारा यान पाडायला निघतो. ते खोटंय!"

"खोटंच आहे," मंदा शांतपणे म्हणाली. "मंगळाची हवा आपल्या हवेच्या साधारण साठावा हिस्सा दाट. वाऱ्याचा रेटा घनतेच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. साठाचं वर्गमूळ जेमतेम आठ. १७५ भागिले आठ, म्हणजे इथल्या २२ किलोमीटरच्या वाऱ्याएवढाच रेटा. टोपी उडेल, यान नाही. माणूस अडकवायला लेखकाने ही सूट जाणूनबुजून घेतली आणि तसं कबूलही केलं. चूक नेमकी किती पटीची, हे मोजता येतं. तुझ्या साम्राज्यांत चूक शोधायला आधी नियम तरी हवेत ना?"

पक्याने विषय बदलला. "नान्या, तू माझं पुस्तक अजून परत केलेलं नाहीस. दहावीपासून!"

"ते यानांचं? वाचवलं नाही रे."

"म्हणजे फाडलंस?"

"टेबलाच्या लंगड्या पायाखाली आहे. तिथे मात्र शास्त्र अगदी बरोबर बसलंय," नाना म्हणाला. मंदा इतकी हसली की पाकीट वाऱ्यावर उडालं, आणि पक्या ओरडला, "बघा, आलं वादळ!"