महिनाअखेरीला शिल्लक, दहा तारखेला खडखडाट

साकीनाक्याला गाळा आहे, बाटल्यांची प्लास्टिकची झाकणे बनवता, माल उधारीवर जातो. अशा माणसाने ऑक्टोबरचे रोकड अंदाजपत्रक करायचे म्हणजे अर्ध्या तासाचे काम. सुरुवातीची शिल्लक दीड लाख लिहा. त्याखाली ऑक्टोबरची विक्री, जीएसटीसकट ३० लाख, थेट ‘जमा’ म्हणून टाका. माल गाडीत चढला, बिल फाटले, म्हणजे पैसे आलेच की! पुरवठादारांचे १५ लाख वजा करा, कायमचे खर्च साडेसहा लाख वजा करा. खाली गोल १० लाख उरतात. लगेच नव्या साच्याची ऑर्डर देऊन टाका.

काही किरकिरे लोक मात्र जुनी बँक पासबुके उघडून बसतात. बिलावर ‘३० दिवस’ छापलेले असते, पण पैसे खात्यात नेमके कधी आले ते बघतात. त्यांना दिसते की १०० रुपयांच्या विक्रीतले २० त्याच महिन्यात, ५० पुढच्या आणि ३० त्याच्याही पुढच्या महिन्यात येतात. मग ते ऑक्टोबरच्या ३० लाखांतले फक्त ६ धरतात, सप्टेंबरच्या २४ लाखांतले १२ आणि ऑगस्टच्या २० लाखांतले ६. झाली वसुली २४ लाख. तुमच्या सहा लाखांवर इतक्या सहज पाणी सोडणाऱ्यांशी मैत्री ठेवू नका.

कायमच्या खर्चात घसारा हवाच. नफा-तोट्याच्या पत्रकात तो असतो, मग इथे का नको? मशीनचा घसारा दर महिन्याला नेमका कोणाला रोख देता, असे कोणी विचारले तर विषय बदला. त्याच हाताने मशीनच्या कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल विसरा, कारण ती नफा-तोट्यात दिसत नाही. पहिला आकडा खर्च असून पैसे जात नाहीत, दुसऱ्यात पैसे जातात पण खर्च नाही. दोन्ही चुका एकत्र केल्या की एक दुसरीला झाकते. भाडे, पगार, वीज आणि पूर्ण हप्ता धरून खरे रोख जातात ६ लाख, पण एवढ्या खोलात कशाला जायचे?

जीएसटी तर लिहूच नका. पार्टीने पैसे दिले की भरू, असे मनाला सांगा. सरकार बिलाची तारीख बघते. सप्टेंबरच्या २४ लाखांच्या विक्रीवरचा कर, त्यातून १५ लाखांच्या खरेदीवरचा वजा जाता, १८ टक्क्यांच्या हिशेबाने जवळजवळ १ लाख ४० हजार २० ऑक्टोबरपर्यंत भरायचे असतात. त्या विक्रीतले ३० टक्के तर नोव्हेंबरमध्ये यायचे आहेत. दिवाळीचा बोनस २ लाख, तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी अचानक येतो.

किरकिऱ्यांची बेरीज अशी: दीड अधिक २४, वजा १५, ६, १.४ आणि २. उरले १ लाख १० हजार. तुमचे १० लाख दिसायला किती छान होते!

तरी कमी पडले तर खोकेवाल्याला थांबवा. त्याचे तीन लाख नोव्हेंबरवर ढकलले की कागदावरचा ऑक्टोबर लगेच हसतो. तो लघुउद्योग म्हणून नोंदणीकृत असेल आणि खोकी ५ सप्टेंबरला घेतली असतील, तर करारात काहीही लिहा, पैसे द्यायची जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत २० ऑक्टोबरला संपते. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, २००६ च्या कायद्यानेच. पण तो बिचारा कशाला मागेल? मागितले तर पुढच्या खेपेला खोकी उशिरा येतील, एवढेच.

सप्टेंबरच्या १२ लाखांपैकी ७ लाख एकाच मोठ्या पार्टीकडून यायचे असतील, तर त्यांची बेरीज इतरांतच मिसळून टाका. ते ५ नोव्हेंबरला आले की ऑक्टोबरअखेर १ लाख १० हजारांच्या जागी उणे ५ लाख ९० हजार होतात. नाव वेगळ्या ओळीत लिहिले असते, तर ही शक्यता आधीच दिसली असती, आणि सणासुदीला असली अभद्र गोष्ट कोण बघतो?

आणि सर्वांत महत्त्वाचे: आठवड्यांचे रकाने पाडू नका. १० तारखेपर्यंत वसुली येते ९ लाख, पण भाडे, पगार, हप्ता मिळून ५ लाख तोवर गेलेले असतात, आणि पुरवठादारांचे १५ लाख त्याच दिवशी द्यायचे असतात. रकाने पाडलेत तर दुसऱ्याच रकान्यात उणे साडेनऊ लाख दिसतील. मग कॅश क्रेडिटची मर्यादा १० लाखांपर्यंत वाढवून घ्यायला बँकेत ऑगस्टमध्येच जावे लागेल, जेव्हा खात्यात पैसे असतात आणि मॅनेजर स्वतः चहा मागवतो.