खुणा मोजून संख्यारेषा तपासता येत नाही

"अपूर्णांकांची वर्कशीट तपासायला दोन मिनिटं पुरतात. चित्रात रंगवलेले भाग वर, एकूण भाग खाली. भाग सलग रंगवलेले नसले किंवा ३/४ ऐवजी ६/८ लिहिलं तर सरळ चूक. संख्यारेषेवर डावीकडून खुणा मोजत जा. उड्यांकडे बघत बसू नका, शेवटचं उत्तर जुळलं की बरोबर. सगळ्या पालकांना पाठवा."

पालकांना हा मेसेज पाठवला गेला आणि माझ्या बहिणीने त्यावर विसंबून लेकीची वर्कशीट तपासली. संख्यारेषेवरच्या अगदी बरोबर उत्तरावर लाल फुली बसली. म्हणून हे लिहितोय.

सलग रंगवण्याचं आधी उरकतो. आठ समान भागांपैकी कोणतेही तीन रंगवा, ते ३/८च. आणि ६/८ हा ३/४ शी सममूल्य अपूर्णांक आहे. प्रश्नातच 'अतिसंक्षिप्त रूप लिहा' म्हटलं असेल तर गुण कापा, एरवी नाही.

चित्रांबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, एवढं कबूल करतो. छापील आकृतीचे भाग समान असतील तर नुसतं मोजून भागतं. पण भाग समान हवेत, ही अटच मेसेजात नाही. मुलाने त्रिकोण काढून त्याच्या उंचीचे तीन सारखे भाग केले, दोन आडव्या रेघा मारल्या आणि वरचा तुकडा रंगवला. मेसेजप्रमाणे हा १/३. प्रत्यक्षात वरचा तुकडा १/९ आहे, मधला ३/९ आणि खालचा ५/९. मधला रंगवला असता तर उत्तर योगायोगाने जुळलं असतं! उलट, आयताचे दोन्ही कर्ण काढले की चार त्रिकोण होतात. दोन बुटके, दोन उंच दिसतात, पण चौघांचं क्षेत्रफळ सारखंच. तिथे एक रंगवला तर १/४ बरोबर आहे. तेव्हा बघायचं ते क्षेत्रफळ. हाताने काढलेली रेघ थोडी वाकडी गेली म्हणून गुण कापू नयेत. पण वर्तुळाचे तिसरे भाग करायला दोन समांतर उभ्या रेघा सारख्या अंतरावर मारल्या असतील तर मुलाला समान भागच कळलेले नाहीत.

आता संख्यारेषा, कारण खरं नुकसान इथे होतं. भाचीच्या वर्कशीटवर ० ते २ अशी रेषा होती, प्रत्येक एककाचे चार भाग केलेले. ३/४ दाखवायचा होता. तिने ० पासून तीन घरं सोडून खूण केली. बहिणीने डावीकडून खुणा मोजल्या. शून्याची खूण 'एक' धरली, त्यामुळे तिची तिसरी खूण २/४ वर आली आणि पोरीचं उत्तर चूक ठरलं. संख्यारेषेवर खुणा मोजायच्याच नसतात, दोन खुणांमधली अंतरं मोजायची असतात. एका एककाचे चार भाग केले तर अंतरं चार आणि खुणा पाच होतात. मूल ३/४ च्या जागी ३/५ लिहितं ते बहुतेक वेळा हा छेद खुणांवरून घेतल्यामुळेच.

याच रेषेवर दुसरी एक चूक नेहमी दिसते. मूल खूण १ १/२ वर करतं. हे धांदरटपणाने झालेलं नसतं. त्याने ० ते २ ही अख्खी रेषा एक पूर्ण धरली आणि तिचा ३/४ काढला. त्याला 'एक कुठे आहे ते बोटाने दाखव' एवढंच विचारायचं. नुसत्या फुलीने त्याला यातलं काहीच कळत नाही.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २०१० साली अपूर्णांक शिकवण्याविषयी मार्गदर्शिका काढली. अपूर्णांक या संख्या आहेत हे मुलांना कळावं म्हणून संख्यारेषा हे मध्यवर्ती साधन ठेवा, अशी तिची शिफारस आहे. ज्या साधनावर इतका भर, त्याची तपासणी अशी उरकायची?

आणि उड्यांकडे बघू नका हे तर घातकच आहे. १/४ + २/४ मध्ये पहिली उडी १/४ वर उतरते. दुसरी सुरू करताना मूल त्याच खुणेला 'एक' म्हणतं, पुढच्या खुणेला 'दोन' म्हणतं आणि २/४ वर थांबतं. तेच मूल पुढच्या गणितात आधी ३/४ लिहितं आणि मग तिथवर पोचतील अशा लहानमोठ्या कमानी काढतं. त्याला मेसेजप्रमाणे पूर्ण गुण! म्हणून प्रत्येक कमानीखालची घरं मोजा, आणि मागची उडी जिथे संपली तिथूनच पुढची निघाली का ते बघा. बेरजा एका घराने कमी आणि वजाबाक्या एका घराने जास्त येत असतील, म्हणजे ३/४ − २/४ चं उत्तर २/४ येत असेल, तर मूल उभं असलेली खूणच मोजतंय. अशा वेळी पेन्सिल खुणेवर ठेवायला सांगा आणि पहिलं घर ओलांडून झाल्यावरच 'एक' म्हणायला लावा.