पीएफचं खातं सगळं सांगतं, तारखा ताणू नका

"दोन वर्षांपेक्षा कमी टिकलेली नोकरी सीव्हीत दाखवूच नका. मागच्या-पुढच्या नोकरीच्या तारखा ताणून मधली फट बुजवा. महिने नको, फक्त साल लिहा. विचारलंच तर सांगा, चांगली संधी मिळाली म्हणून सोडली. एचआर एवढ्या खोलात जात नाही."

हा मेसेज माझ्या भाचीला तिच्या मैत्रिणीने पाठवला आणि तिने त्याप्रमाणे सीव्ही बदलायलाही घेतला. म्हणून हे लिहावं लागतंय.

यातला सगळ्यात घातक सल्ला तारखा ताणण्याचा. ज्याने तो लिहिला त्याने स्वतःचं पीएफ खातं कधी उघडून पाहिलेलं दिसत नाही. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, असतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. ईपीएफओच्या पोर्टलवर लॉगिन करून View मध्ये Service History उघडा: प्रत्येक कंपनीचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख ओळीने दिसते. ऑफर दिल्यावर पडताळणी करणारी एजन्सी बहुतेकदा हेच मागते. पीएफ नसलेल्या छोट्या ठिकाणी (वीसपेक्षा कमी माणसं असतील तर तो सहसा लागू नसतो) पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट मागतात.

भाचीचंच घ्या. ती पुण्यात अकाउंट्समध्ये आहे. जून २०२१ ते जुलै २०२२ चाकणच्या एका कारखान्यात. सप्टेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ एका मोठ्या कंपनीत, पण पगार एजन्सीच्या पेरोलवर. मे २०२३ मध्ये एजन्सी बदलली. टेबल तेच, साहेब तेच, काम तेच, जानेवारी २०२४ पर्यंत. मग फेब्रुवारी ते जून २०२४ आणखी एका ठिकाणी. तीन वर्षांत चार नोकऱ्या, असं कागदावर दिसतं. मेसेज ऐकून तिने चाकणची नोकरी जानेवारी २०२४ पर्यंत ओढली असती, तर सर्व्हिस हिस्ट्रीत जुलै २०२२ ही तारीख आहेच. मग विषय धरसोडीचा राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा होतो. ऑफर मागे घेतात, आणि रुजू झाल्यावर उघड झालं तरी नेमणूकपत्रातल्या अटीवर बोट ठेवून काढतात.

खरं तर तिला लपवण्यासारखं काही नव्हतंच. मधल्या दोन नोंदी ही एकच नोकरी आहे. वर कंपनीचं नाव, 'सप्टेंबर २०२२ ते जानेवारी २०२४', खाली छोट्या अक्षरात 'दोन एजन्सींच्या पेरोलवर, काम सलग', आणि दोन्ही एजन्सींची नावं. चाराच्या तीन झाल्या, एकही तारीख न बदलता. त्याखाली पूर्ण केलेलं काम: व्हेंडरची बिलं, जीएसटीचं रिकन्सिलिएशन, मार्च क्लोजिंग. मुलाखत घेणाऱ्याला भीती असते ती सहा महिन्यांनी पुन्हा माणूस शोधावा लागण्याची. वर्षाचे हिशेब तिने बंद करून दाखवलेत, हे दिसलं की ती भीती बरीच कमी होते.

राहिली शेवटची पाच महिन्यांची. 'चांगली संधी' हे उत्तर इथे चालत नाही, कारण पुढची नोकरी हातात नव्हती. तिने असं सांगावं: "नेमणूक व्हेंडर पेमेंटसाठी होती, काम वसुलीच्या फोनचं निघालं. मॅनेजरशी बोलले, बदल होणार नाही म्हणाले, म्हणून नोटीस पूर्ण करून निघाले. तुमच्याकडे पहिले सहा महिने नक्की काम काय असेल?" एवढंच. जुन्या साहेबाला नावं ठेवायची नाहीत आणि प्रत्येक नोकरीची कहाणी सांगत बसायचं नाही.

फक्त साल लिहिण्याबद्दल एकच: '२०२२-२०२३' म्हणजे दोन महिनेही असू शकतात आणि चोवीसही. वाचणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. दोन-चार आठवड्यांची जुनी, कामाशी संबंध नसलेली नोकरी सीव्हीत नसली तरी चालतं. सीव्हीत काय घ्यायचं ते आपण ठरवतो. पण पडताळणीचा फॉर्म वेगळा. त्यात 'सर्व नोकऱ्या' मागितल्या असतील तर ती दोन आठवड्यांचीही लिहायची, कारण खाली सही आपली असते.

आणि अर्ज पाठवण्याआधी सर्व्हिस हिस्ट्री एकदा स्वतः बघा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच भरली नसेल, तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखं दिसतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील तर Manage मधल्या Mark Exit मधून ती तारीख आपल्याला भरता येते. भरताना रिलिव्हिंग लेटर समोर ठेवा, दोन्हीकडे तारीख एकच हवी.