भाचीचं स्टेटमेंट आणि ग्रीनलंडचा नकाशा

वकिलाने भाचीच्या स्टेटमेंटचा, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनाचा, मसुदा मोठ्याने वाचला आणि कट्टा पेटला. मुलीला विद्यापीठाआधीच्या कला शाखेच्या कोर्सला अर्ज करायचाय आणि पुढे काय व्हायचं ते तिला ठाऊक नाही. मसुद्याची सुरुवात अशी होती: 'मला लहानपणापासून सगळ्याच विषयांचं कुतूहल आहे. इतिहास, भाषा, समाज, निसर्ग, सगळंच मला भुरळ घालतं.'

"हे चालणार नाही," वकील म्हणाला. "सरळ लिही म्हणावं की पत्रकार व्हायचंय. ध्येय दिसलं पाहिजे."

मास्तर गेली कित्येक वर्षं असे अर्ज वाचतात. ते म्हणाले, "आणि मुलाखतीत कोणी विचारलं की गेल्या महिन्यात कुठली बातमी शेवटपर्यंत वाचलीस, तर? उसनं ध्येय दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. मग बाकीच्या खऱ्या मजकुरावरही शंका येते."

"म्हणजे हा मसुदा बरोबर?"

"अजिबात नाही. 'सगळ्यात रस आहे' हे वाक्य कोणीही लिहू शकतं. मला पुरावा लागतो. तिने एखाद्या प्रश्नाचा पिच्छा पुरवलाय का? तो कुठे अडला, तेव्हा तिने काय केलं?"

इथे मी मध्ये पडलो, कारण त्या मुलीला मी ओळखतो. वर्गातल्या नकाशावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं, हे तिला खटकलं होतं. तिने क्षेत्रफळं शोधली तर आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी निघाली. मग पृथ्वीगोलावर दोरा धरून तिने अंतरं मोजली आणि नकाशाशी ताडून पाहिली. विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका नकाशा ताणलेला. साठ अंश अक्षांशावर लांबी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. हा नकाशा मर्केटर नावाच्या नकाशाकाराने 1569 साली काढला, तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत काढता येतो, आणि त्यासाठी आकारमानाचा बळी द्यावा लागतो. हे कळल्यावरही ती थांबली नाही. खलाशांचा नकाशा शाळेच्या भिंतीवर कसा आला, हे ती विचारत राहिली. त्याचं उत्तर तिला अजून सापडलेलं नाही.

"हे मसुद्यात कुठे आहे?" मास्तरांनी विचारलं.

नव्हतंच. तिला वाटलं होतं की हा अभ्यासाबाहेरचा नाद आहे.

"अरे, तेच तर स्टेटमेंट आहे! निम्मा मजकूर यावरच हवा. पहिलं वाक्य: 'वर्गातल्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं का दिसतं, हे मला कळेना.' मग दोरा, मग मर्केटर, मग न सुटलेला प्रश्न. त्यातून विषयांची निवड आपोआप निघते. नकाशा कसा बनतो याला भूगोल, शाळेत कोणी आणला याला इतिहास, आणि काय शिकवायचं हे कोण ठरवतं याला राज्यशास्त्र."

वकील सहज ऐकणारा नाही. "पण ती एकावरून दुसऱ्यावर उडते. चित्रकला सोडली, एक भाषा अर्धवट टाकली. वाचणाऱ्याला धरसोड दिसेल."

मला हा मुद्दा रास्त वाटला. कुतूहल आणि चंचलपणा बाहेरून सारखेच दिसतात. ती पाच छंदांची यादी देणार असेल तर वकिलाचं खरं ठरेल. यादीत कोणतीच गोष्ट खोलवर गेलेली दिसत नाही. एकच प्रश्न तीन-चार पायऱ्या उतरला, तर ती धरसोड नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. चित्रकला आणायचीच असेल तर नकाशाशी जोडून आणावी: गोल वस्तू सपाट कागदावर उतरवताना काहीतरी बिघडतंच, हे तिला चित्र काढतानाच पहिल्यांदा जाणवलं होतं. भाषेचा असा धागा नाही, ती गाळावी.

मास्तरांनी आणखी एक ओळ खोडायला लावली: 'मला अजून करिअर ठरवता आलेलं नाही, याबद्दल क्षमस्व.' या वयात ठरलेलं नसणं हा गुन्हा नाही, आणि माफी मागितली की वाचणारा तिथेच उणीव शोधू लागतो.

"आणि फॉर्ममध्ये 'पुढील उद्दिष्ट' असा रकाना असला तर? तो रिकामा सोडायचा?" वकिलाने शेवटचा डाव टाकला.

रिकामा सोडायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यायचं, खोटं मात्र नाही. बराच काथ्याकूट होऊन ठरलं ते असं: 'शालेय पुस्तकं आणि नकाशे यांत काय घ्यायचं, काय गाळायचं हे कसं ठरतं, ते मला या कोर्समध्ये समजून घ्यायचं आहे. पुढे संशोधन किंवा शिक्षण यांपैकी कुठे वळायचं, हे त्यावरून ठरवीन.' वकिलाने त्यातला 'किंवा' काढून टाकायला सांगितला. मास्तर म्हणाले, तो राहू दे, आणि तिला उद्या दोरा घेऊन माझ्याकडे पाठव. मोजमापाचे आकडे स्टेटमेंटमध्ये जाण्याआधी एकदा तपासून घेऊ.