गरोदरपणातला ताप आणि 'नॉर्मल' रिपोर्ट

पावसाळा आला की माझ्या ओपीडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, व्हायरलच असेल ना? दोन दिवस बघू का?" मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. गरोदर बाईला ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं आणि त्याच दिवशी रक्त-लघवी तपासायची. आता काहींना वाटेल डॉक्टर मंडळींना टेस्ट लिहायची हौसच असते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा, एक बाई सातव्या महिन्यात आहे. ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका. दुसऱ्या दिवशी केलेली डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह येते. चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि घरातले सुटकेचा श्वास सोडतात. सीबीसीचा रिपोर्ट येतो. प्लेटलेट ९० हजार, म्हणजे कमी, पण घाबरण्याइतक्या नाहीत. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, ३९; लॅबने शेजारी छापलेल्या रेंजमध्ये अगदी व्यवस्थित बसणारा. सगळं ठीक वाटतं ना?

ठीक नाहीये. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे पीसीव्ही मुळातच खाली असतो. याच बाईच्या गेल्या महिन्याच्या फाइलमध्ये तो ३२ आहे. ३२ चा ३९ झाला म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त वाढ. रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतंय आणि रक्त घट्ट होतंय. डेंग्यूत हा धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतो, तोही बहुतेक वेळा ताप उतरतानाच. लॅबची रेंज गरोदर नसलेल्या बाईसाठी असते, ती इथे फसवते.

बाकीच्या खुणाही अशाच झाकल्या जातात. नाडी या दिवसांत तशीही जलद असते, बीपी तसंही थोडं कमी असतं. उलट्या, पोटदुखी? "दिवस भरत आले की होतंच." पण ताप उतरल्यावर पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी होतेय, हिरड्यांतून किंवा खालून रक्त जातंय, बाई मलूल पडलीय, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. तिथे सलाईनही मोजूनमापून द्यावं लागतं, कारण दोन दिवसांत तेच पाणी रक्तात परत येतं आणि जास्त दिलेलं असेल तर फुफ्फुसात साठतं. 'प्लेटलेट चढवा' असा आग्रह नातेवाईक धरतात. पण रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यावर त्या चढवत नाहीत. घरी तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात नाही. बीपीच्या धोक्यासाठी कमी डोसची ॲस्पिरिन चालू असेल तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

मलेरियाची फसवणूक वेगळी. फाल्सिपेरम या मलेरियाच्या गंभीर प्रकारात परजीवी वारेत चिकटून बसतात, त्यामुळे बोटातून घेतलेल्या रक्तात ते कधी कधी दिसतच नाहीत. काचपट्टीवर रक्त पसरून केलेली तपासणी, म्हणजे स्मिअर, एकदा निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही; ताप येतच असेल तर बारा ते चोवीस तासांनी परत, गरज पडली तर तिसऱ्यांदा तपासायचं. तोवर आईचं हिमोग्लोबिन घसरत असतं आणि बाळाची वाढ खुंटू शकते. "पहिल्या तीन महिन्यांत औषध नको" ही भीती मला समजते. पण पहिल्या तिमाहीतल्या साध्या फाल्सिपेरमसाठीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनची शिफारस केली आहे. टाळायचं ते प्रिमाक्विन. मलेरियाचा दुसरा प्रकार, व्हायवॅक्स, असेल तर ते बाळंतपणानंतर, तपासणी करून.

आणि लघवीचा संसर्ग, ज्याला कोणी ताप मानतच नाही! वाढलेलं गर्भाशय आणि संप्रेरकं यांच्यामुळे मूत्रनलिका सैल पडतात, लघवी साचते, जंतू वर चढतात. जळजळ नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. उपचार केले नाहीत तर अशा बायकांपैकी बऱ्याच जणींचा संसर्ग पुढे मूत्रपिंडापर्यंत जातो. मग हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली कंबरेत कळ, बहुधा उजव्या बाजूला. इथे तोंडाने गोळ्या घेऊन भागत नाही. ॲडमिट होऊन शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागतं, नाहीतर अवेळी कळा सुरू होण्याची भीती असते.

म्हणून गरोदरपणातल्या पहिल्याच भेटीत लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, केवळ रुटीन नव्हे. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत. ताप असेल तर नमुना आधी, गोळी नंतर. घरात उरलेल्या अँटिबायोटिकची एक गोळी घेतली तरी कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. नमुना दिला की मात्र दोन दिवस रिपोर्टची वाट पाहायची नाही, डॉक्टर औषध लगेच सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर हवं तर बदलतात. कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करायचं. यालाच सगळ्या जणी टांग मारतात, कारण तोवर बरं वाटत असतं.