अजून जरा फेट

बीटर जळाला तेव्हा अंडी फोडून झाली होती, नाहीतर मी केकचा बेतच रद्द केला असता. चार अंडी, १२० ग्रॅम साखर, हातात तारांचा व्हिस्क आणि समोर खुर्ची ओढून बसलेले काका.

"हातानं फेटलेला केकच खरा," काका म्हणाले. त्यांनी स्वतःच्या चहातली साखर ढवळलेलीही मी कधी पाहिलेली नाही.

भांडं वाफाळत्या पाण्यावर धरलं. बूड पाण्याला टेकलं तर केकऐवजी गोड ऑम्लेट होतं. मिश्रण बोटाला कोमट लागलं की उतरवायचं, कारण कोमट अंडं हवा लवकर धरतं. लवकर म्हणजे हातानं वीस मिनिटं.

"हात बदल की," पाचव्या मिनिटाला काका. डाव्या हातानं मी फार तर दार उघडते.

"झालं बघ, फेस आला!" आठव्या मिनिटाला काका. अहो, फेस साबणालाही येतो. व्हिस्क उचलल्यावर पडणारी धार मिश्रणावर रेघेसारखी दोन-तीन सेकंद टिकायला हवी. हे सांगायला नको होतं, कारण काकांनी लगेच मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. "पाऊण सेकंद. चालू दे." मग, "सव्वा. दम लागला का?" खांदा पेटला होता, आणि हा माणूस खुर्चीतून निकाल जाहीर करत होता!

शेवटी धार टिकली. १२० ग्रॅम मैदा तीन वेळा चाळून घातला आणि स्पॅच्युलानं तळापासून अलगद वर आणत मिसळला. "आता का हळू? मघाशी तर जोरात होतीस!" बेकिंग पावडर नव्हती काका, फुगायला होती ती फक्त माझ्या खांद्यातून निघालेली हवा.

केक फुगला. क्रीमचं मात्र सगळं उलटं. भांडं, व्हिस्क, क्रीम सारं गारठलेलं हवं, खाली बर्फ हवा, कारण त्यातली चरबी घट्ट असेल तरच हवा अडते. चारेक मिनिटांत व्हिस्कच्या खुणा उठल्या, टोक जरा वाकून उभं राहिलं. मी थांबले.

"पातळ वाटतंय. अजून जरा फेट."

वीस मिनिटं ऐकून घेतल्यावर माणसाची अक्कल जाते. मी फेटलं. क्रीम आधी पिवळसर, मग रवाळ झालं. तिथेच थांबून दोन-तीन चमचे ताजं क्रीम हलक्या हातानं मिसळलं असतं तर कदाचित सावरलं असतं. पण काका "बघ, येतंय घट्ट!" म्हणाले, आणि पुढच्या काही फटक्यांत पाणी सुटलं. व्हिस्कमध्ये गोळा अडकला.

काकांनी बोटानं चाखलं. "लोणी छान निघालंय गं. मीठ आहे का?"