एका खुर्चीची तारीख

"तुमच्याकडे बँकेला एक फोन केला की पैसे परत. इथं ग्राहक मंचात गेलं की माणूस म्हातारा होतो. मामांना सांग, क्रेडिट नोट घ्या आणि एखादं कपाट आणा. कशाला डोक्याला ताप!"

आत्तेभावाचा हा मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर आला तेव्हा इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवून नुकती आत आले होते. खाली सहा जणांचे अंगठे. मामींनी तर आपलीच गोष्ट सुरू केली की त्यांनाही केवायसीवाल्याचा फोन आला होता, पण त्या बधल्या नाहीत. त्याचा खुर्चीशी काय संबंध ते विचारायचं नाही.

राग आला तो "तुमच्याकडे" या शब्दाचा. खुर्ची कोथरूडची, दुकान कर्वे रस्त्यावरचं, त्यात बसणार होते माझे बाबा. फक्त कार्ड माझं होतं.

तर, मार्चमध्ये मी बाबांसाठी रिक्लायनर घेतला. ४६,५०० रुपये, इथूनच दुकानाच्या वेबसाइटवर, माझ्या इथल्या क्रेडिट कार्डावर. नाव-पत्ता बाबांचा टाकला, कारण वॉरंटीसाठी कुणी आलं तर त्यांनाच विचारणार. खुर्ची ११ मार्चला घरी आली. मागे केली की पुढे येईना. बाबा त्यात अडकले आणि शेजारच्या मुलाने त्यांना हात धरून उठवलं, हे मला आठ दिवसांनी कळलं. १९ मार्चला दुकानाचा टेम्पो येऊन खुर्ची घेऊन गेला. चलनावर डिलिव्हरीच्या पोराने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "रक्कम परत करणेसाठी माल जमा." खाली सही, शिक्का. दहा कामाच्या दिवसांत पैसे येतील म्हणाले.

मग मार्च एंड आला. मग शेठ गावाला गेले. मग अकाउंटवाल्या मॅडमच्या मुलाची बारावी. दर सोमवारी बाबा पायी दुकानात जाऊन यायचे आणि "पुढच्या आठवड्यात नक्की" एवढं घेऊन परतायचे. जूनमध्ये दुकानाने सूर बदलला की परतावा नाही, क्रेडिट नोट देऊ, सहा महिन्यांत काहीही घ्या.

मी निवांत होते. खरं सांगायचं तर निवांतच नव्हे, थोडी मिजासीत होते. माझ्याकडे इथल्या ग्राहक कर्ज कायद्यातला सेक्शन ७५ होता. शंभर पौंडांच्या वरची आणि तीस हजारांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली, दुकानदाराने शब्द मोडला, तर बँकही तेवढीच जबाबदार. त्याला सहा वर्षांची मुदत. परदेशातल्या खरेदीलाही लागू, हे २००७ मध्ये इथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेच ठरवून टाकलंय. मग घाई कशाची? बाबांना फोनवर म्हणायचे, "तुम्ही उन्हात जाऊ नका, मी बघते." ते जायचेच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बँकेला फोन केला. पन्नास मिनिटं होल्डवर. मग एका मुलाने विचारलं, "हा व्यवहार तुमच्या ओळखीचा आहे का?" हा प्रश्न साधा वाटतो, पण इथेच निम्मी माणसं वाट चुकतात. आमच्या मामींचंच घ्या. दोन वर्षांपूर्वी मागवलेली पैठणी आली नाही, तेव्हा त्यांनी पुण्यातल्या बँकेला "माझी फसवणूक झाली" असं सांगितलं. बँकेत फसवणूक म्हणजे कार्ड दुसऱ्याने वापरलं. कार्ड ब्लॉक झालं, चौकशी झाली, आणि उत्तर आलं की ओटीपी तुम्हीच टाकलाय, दावा नामंजूर. म्हणायला हवं होतं की व्यवहार माझाच, पैसे मीच दिले, माल आला नाही. ही तक्रार वेगळ्या टेबलावर जाते आणि तिथे ओटीपीचा प्रश्नच येत नाही. मामी अजून म्हणतात की बँक दुकानाला सामील होती.

मी शब्द बरोबर वापरले: माल परत केला, दुकानाने परतावा कबूल केला, जमा केला नाही. मुलगा म्हणाला, चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत खेचायची, मुदत संपली.

आत्तेभावाला ठाऊक नाही ते हे. चार्जबॅक हा इथलाही कायदा नाही. तो व्हिसा-मास्टरकार्डच्या घरचा नियम आहे. त्यामुळे कर्वे रस्त्यावरच्या बँकेने दिलेल्या व्हिसा कार्डालाही तो लागतो आणि माझ्याही. साधारण १२० दिवस; मोजायचे कुठल्या तारखेपासून ते तक्रारीच्या कारणावर ठरतं. आमच्या बाबतीत माल परत दिल्याची तारीख धरली, १९ मार्च. म्हणजे १७ जुलैला दार बंद. कबूल केलेला परतावा येत नसेल तर पंधरा दिवस थांबायचं आणि अर्ज टाकायचा, बरोबर माल परत घेतल्याचं चलन आणि परताव्याचा कबुलीचा मेल. आमच्याकडे ते चलन होतं! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हे झालं असतं. दुकानाने "आमच्याकडे परतावा मिळत नाही" असं उलट उत्तर दिलं असतं, तर त्यांच्याच शिक्क्याचं चलन त्यांच्यापुढे ठेवता आलं असतं. शेठचं गाव, मॅडमचा मुलगा, प्रत्येक "पुढच्या आठवड्या"ने आमचे सात दिवस खाल्ले. दुकानदाराला हे गणित कळत होतं की नाही, सांगता येत नाही. मला कळत होतं, पण मी सहा वर्षांच्या भरवशावर होते.

मग सेक्शन ७५. दोन महिन्यांनी बँकेचं पत्र आलं. बिलावरचं नाव तुमचं नाही. करार दुकान आणि तुमचे वडील यांच्यात झाला, तुम्ही फक्त पैसे दिले, म्हणून साखळी तुटते. ही अट खरीच आहे, मला ठाऊक असायला हवी होती. ऑर्डर मी दिली, नाव फक्त डिलिव्हरीसाठी होतं, असं म्हणून बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या ऑम्बुड्समनकडे भांडता आलं असतं. सहा महिने होते हातात. मी ते पत्र काउन्सिल टॅक्सच्या फाइलला लावलं आणि चहा टाकला. चौदा वर्षं मी पुण्याला सांगत आले की इथे कागद बोलतो. कागद बोलला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "मग आता माझं बघतो."

सदाशिव पेठेत त्यांच्या ओळखीच्या एक बाई आहेत, ग्राहक पंचायतीचं काम आयुष्यभर केलेल्या. (बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली १९७४ साली. माझा लाडका सेक्शन ७५ ज्या कायद्यात आहे तोही १९७४ चाच. भारतातला ग्राहक कायदा त्यानंतर १२ वर्षांनी आला. हे मी इथल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या "ओह, लव्हली" म्हणतात.) बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कार्ड मुलीचं, बिल तुमचं, वापरणार तुम्ही? मग ग्राहक तुम्हीच." २०१९ च्या कायद्यात विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक धरतात. म्हणजे ज्या नावावरून रेडिंगमध्ये माझा दावा बसला, त्याच नावावर पुण्यात बाबांचा उभा राहिला. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण जरा उशिरा.

आधी १९१५ या नंबरच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन. ती तक्रार दुकानाकडे पाठवते, आदेश देऊ शकत नाही. दुकानाचं उत्तर आलं, "क्रेडिट नोट देऊ केली आहे." आत्तेभाऊ म्हणाला, बघ, संपलं. पण बाईंच्या मते तेच उत्तर सोन्यासारखं होतं, कारण माल परत मिळाल्याचं दुकानाने त्यात लेखी मान्य केलं होतं. मग पंधरा दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवलेली. मग ई-जागृती या पोर्टलवरून ग्राहक आयोगाकडे तक्रार: कालक्रमाने हकिगत, चलन, बिल, नोटीस, प्रतिज्ञापत्र. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील लागत नाही. दोन वर्षांच्या आत जायचं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात जाता येतं. दुकान उद्या नागपूरला गेलं तरी बाबांना कोथरूड सोडावं लागणार नाही.

मीही पोर्टलवर खातं उघडायला बसले, की बाबांची टायपिंगची दगदग वाचेल. पत्त्याच्या रकान्यात बोटं आपोआप कोथरूडचा पत्ता लिहायला लागली, पिनकोडसकट. मग थांबले. तिथे राहत नाही मी. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "सायबर कॅफेतल्या पोराने सगळं भरून दिलंय. तू झोप."

आत्तेभावाचं म्हणणं निम्मं खरं आहे, हे मला मान्य करायला हवं. कायद्यात तीन महिने लिहिलेत, बाबांचा दहावा महिना चालू आहे. दोनदा नुसतीच पुढची तारीख मिळाली. पण दुकानाने तीस दिवसांत लेखी जबाब दिला नाही, वरच्या पंधरांतही नाही, आणि त्यापुढे मुदत वाढवायचा अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. जाबदेणारांच्या कैफियतीशिवाय प्रकरण पुढे गेलं. त्यानंतर दुकानाच्या वकिलाने कॉरिडॉरमध्ये बाबांना गाठलं. पूर्ण ४६,५०० देतो, आज चेक घ्या, तक्रार मागे घ्या.

बाबांनी नऊ टक्के व्याज मागितलं. वकील म्हणाला, "आजोबा, व्याज कितीसं होतं?" बाबा म्हणाले, "तेच विचारतोय, कितीसं होतं? द्या मग."

मी चिडले. चेक घ्यायचा ना! आत्तेभाऊ आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला होतो. व्याज मिळेल की आयोग नुसती मुद्दल देईल, बाईसुद्धा छातीठोक सांगत नाहीत.

पुढची तारीख मंगळवारी आहे. व्हिडिओवरून हजर राहता येतं, मीही इथून बसेन बरोबर, असं सुचवलं. बाबांचा मेसेज आला, त्यांनी फाइलला नवी नाडी लावल्याच्या फोटोसकट: "प्रत्यक्ष जाणार आहे. तू यायची गरज नाही. तक्रारदार मी आहे."